रॉकेटचा आयएसपी : या चुका टाळा

विशिष्ट आवेग, म्हणजे ज्याला सगळे आयएसपी म्हणतात, तो रॉकेट इंजिनाचा ‘मायलेज’ आहे असं आपण सांगतो. सांगायला हरकत नाही. पण हा आकडा सेकंदांत मोजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली चूक माझी नावडती आहे, म्हणून जरा लांबण लावतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गटाने चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं गणित मला तपासायला दिलं. इंजिनाचा आयएसपी ३२० सेकंद, वेगात करायचा बदल सेकंदाला २,००० मीटर, यानाचं सुरुवातीचं वस्तुमान १,००० किलो. त्यांच्या उत्तरात ९७९ किलो इंधन जळत होतं. उरलेल्या २१ किलोंत इंजिन, टाक्या, पाय आणि उपकरणं! त्यावर त्यांनी उपायही काढून ठेवला होता : आणखी मोठी टाकी.

मी दोन संध्याकाळी त्यांची एक्सेल फाइल चाळत बसलो. लॉगॅरिदम बरोबर, एककं बरोबर. शेवटी एका खान्यात १.६२ दिसलं. चंद्रावर चाललोय, मग गुरुत्वाकर्षणही चंद्राचंच घ्यायचं, असा त्यांचा सरळ विचार. सूत्र असं आहे, यात ve म्हणजे झोताचा वेग, Δv म्हणजे वेगातला बदल, आणि m0 व m1 म्हणजे सुरुवातीचं आणि शेवटचं वस्तुमान :

```
ve = Isp × 9.80665
m0/m1 = exp(Δv / ve)
```

यातलं ९.८०६६५ हे यान कुठे आहे ते सांगत नाही. सेकंदांतला आकडा मीटर प्रतिसेकंदात नेण्यासाठी ठरवून घेतलेला तो एक स्थिरांक आहे. आयएसपी ३२० याचा अर्थ असा : इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर मिळून १ किलो द्रव्य, पृथ्वीवरच्या स्वतःच्या वजनाइतका रेटा ३२० सेकंद देऊ शकतं. चंद्रावर, मंगळावर, कुठेही ९.८च. खान्यात तो घातला आणि झोताचा वेग सेकंदाला ३,१३८ मीटर आला, वस्तुमानाचं गुणोत्तर १.८९, आणि इंधन ४७१ किलो. यान उतरलं.

तेव्हापासून मी गणिताच्या आधी सगळे आयएसपी मीटर प्रतिसेकंदात करून घेतो आणि सेकंद विसरून जातो. तोंडी करायचं तर दहाने गुणा, दोन टक्के कमी करा. घाईत सूत्र उतरवून घेणाऱ्यांना ही एक पायरी जड जाते, आणि नेमके तेच परत विचारायला येतात.

दुसरी चूक थोडक्यात : जमिनीवरचा आणि निर्वातातला आकडा एकाच तक्त्यात घालू नका. शटलचं आरएस-२५ इंजिन समुद्रसपाटीला साधारण ३६६ आणि निर्वातात ४५२ सेकंद देतं. इंजिन तेच, हवेचा दाब नॉझलमधून निघणाऱ्या झोताला आड येतो, एवढाच फरक. तक्त्यात कुठला आकडा आहे ते लिहिलेलं नसेल, तर मी तो तक्ता बाजूला ठेवतो.

विमानाच्या जेट इंजिनाचा हजारोंतला आयएसपी दाखवून रॉकेटला नावं ठेवणारेही भेटतात. जेट ऑक्सिजन हवेतून फुकट घेतं, त्यामुळे त्याचं फक्त इंधन मोजलं जातं. ती तुलना सोडून द्या.

आता दुसरी दुखरी जागा : ‘आयएसपी जास्त, म्हणजे इंजिन चांगलं’. मग माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे २६३ सेकंदांची एफ-१ इंजिनं का होती? हायड्रोजनवर चालणारी, ४२१ सेकंदांची जे-२ त्याच रॉकेटवर वरच्या टप्प्यांत होतीच की. कारण द्रवरूप हायड्रोजन घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो, केरोसीन ८००च्या आसपास. जमिनीवरून उचलताना प्रचंड रेटा हवा असतो, आणि तेवढ्यासाठी हायड्रोजनच्या टाक्या अवाढव्य होतात.

विजेच्या जोरावर भारित अणू मागे फेकणाऱ्या आयन इंजिनाबाबत तर ही चूक हमखास होते. २००७ साली निघालेल्या ‘डॉन’ यानाच्या इंजिनाचा आयएसपी सुमारे ३,१०० सेकंद, म्हणजे आरएस-२५च्या जवळजवळ सातपट. रेटा मात्र जास्तीत जास्त ०.०९२ न्यूटन, पृथ्वीवर ९ ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवल्यावर जाणवतो तेवढा. यात इंजिनाचा दोष नाही. झोताचा वेग सातपट केला, की तेवढ्याच रेट्यासाठी झोतात सातपट शक्ती ओतावी लागते, आणि ती सौर पॅनेलमधून येणार. या इंजिनाला पूर्ण रेट्यासाठी २.३ किलोवॅट लागत आणि त्यातले सुमारे १.४ झोतात उतरत.

म्हणून कुणी आयएसपी सांगितला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : रेटा किती, आणि यान किती किलोचं? डॉन निघताना सुमारे १,२०० किलोचं होतं. भागाकार करून पाहा : शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला चार दिवसांहून जास्त. लघुग्रहांच्या पट्ट्यातले वेस्टा आणि सेरेस गाठायला ते पुरलं, कारण तिथे हातात वर्षं होती. हेच इंजिन वर सांगितलेल्या चांद्रयानाला लावलं, तर ते उतरायचं सोडून दगडासारखं आदळेल.