सीएसआरचा प्रस्ताव शेवटाकडून लिहा

सत्तरीतल्या एका संस्थेला सहा शाळांतल्या 120 मुलांसाठी वाचनवर्ग घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी सीएसआर, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, पैसे मागणारा प्रस्ताव होंडा-पिसुर्ले भागातल्या कंपनीकडे पाठवायचा आहे असे धरू. पहिल्या मसुद्यात वाक्य होते : "ग्रामीण मुले वाचनात मागे पडत आहेत, तरी 5 लाखांचे सहकार्य करावे." यात खोटे काहीच नाही. पण कंपनीतल्या माणसाला हा खर्च सीएसआर समितीपुढे मांडायचा असतो, आणि एवढ्यावरून त्याला तो मांडता येत नाही.

म्हणून आधी शेवटचे वाक्य लिहा : वर्षअखेर काय बदललेले असेल? "120 मुलांना वर्ग दिले" हे झाले काम. "दुसरीच्या पातळीचा मराठी उतारा न अडखळता वाचणारी मुले 46 वरून 90 होतील" हा परिणाम. कोण मोजणार, कधी आणि कोणत्या उताऱ्याने, तेही लिहा. चाचणी वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेने न घेता दुसऱ्या कुणी घ्यावी; नाहीतर आकड्यावर विश्वास बसत नाही.

हा 46 चा आकडा आणायचा कुठून, हेच खरे काम. प्रस्तावाआधी सहाही शाळांत जाऊन तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेक उतारा वाचायला द्या. गरजेच्या परिच्छेदात राज्याची आकडेवारी नको, हीच नोंद टाका. कायद्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितले आहे, त्यामुळे कारखान्यापासून शाळा किती किलोमीटरवर आहेत तेही लिहा.

मग अंदाजपत्रक. दोन शिक्षिका, प्रत्येकीकडे तीन शाळा, दर शाळेत आठवड्याला दोन दिवस. मानधन 15,000 प्रमाणे 10 महिन्यांचे 3,00,000. पुस्तके व कपाटे, दर शाळेला 15,000, म्हणजे 90,000. प्रवास 50,000, चाचण्या 15,000, हिशेब व ऑडिट 25,000. एकूण 4,80,000, मुलामागे 4,000. नव्याने वाचू लागणाऱ्या 44 मुलांमागे खर्च सुमारे 10,900 पडतो. हा भागाकार समोरचा करणारच, तेव्हा तो आपणच लिहिलेला बरा. पहिल्या मसुद्यातला प्रोजेक्टर मी काढायला लावेन, कारण वाचनाच्या आकड्याशी त्याचा काही संबंध लागत नाही.

कपाटे कोणाच्या मालकीची राहणार, हा प्रश्न हमखास येतो. सीएसआरच्या पैशातून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सरकारी शाळेकडे जाणार असेल तर शिक्षण खात्याचे पत्र सोबत जोडा.

तारखाही जुळवा. कंपनीचे वर्ष 31 मार्चला संपते. काम त्यापुढे जाणार असेल तर ते "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर व्हावे लागते, म्हणून मार्चपर्यंतचा आणि पुढचा खर्च वेगळा दाखवा. संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक पहिल्याच पानावर हवा. तो नसेल तर कंपनीला तुमच्यामार्फत हा खर्च करताच येत नाही.