वारसांचा बँकेला अर्ज : एकाच कागदात खातं, ठेव आणि लॉकर कोंबू नका

बँकेत मयत खात्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तिथे आलेले बहुतेक अर्ज एकाच साच्याचे असत : "माझे वडील अमुक तारखेला वारले, तरी त्यांचे खाते बंद करून सर्व रक्कम व लॉकर माझ्या नावे करावा ही विनंती." खाली एकाची सही, मागे मृत्यूदाखल्याची झेरॉक्स. या एका वाक्यात तीन वेगळी प्रकरणं असतात आणि तिन्हींचे कागद वेगळे. अर्ज अडतो तो इथेच.

कराडकडच्या एका घराचं उदाहरण घेतो, तपशील थोडे बदलून. वडील गेले, मृत्युपत्र नाही. बचत खात्यात 1,84,000 रुपये, नामनिर्देशन पत्नीच्या नावे. 9,50,000 रुपयांची मुदत ठेव, तिला नॉमिनी नाही. लॉकर एकट्या वडिलांच्या नावावर, तिथेही नॉमिनी नाही. मुलगा पुण्यात, मुलगी लग्न होऊन जर्मनीत. मुलाने सगळ्याचा मिळून एकच अर्ज दिला. झालं काय, तर ज्या बचत खात्याला वारसांचा एकही कागद लागत नव्हता, तेही ठेवीच्या कागदांपायी अडकून पडलं. नॉमिनीला दावा अर्ज, मृत्यूदाखला आणि ओळखपत्र एवढं पुरतं. म्हणून आधी शाखेत जाऊन विचारा : मयताच्या नावावर काय काय आहे, आणि कुठे नॉमिनी नोंदलाय? मग तीन अर्ज करा. नॉमिनीला मिळालेले पैसे त्याच्या मालकीचे होत नाहीत, तो वारसांच्या वतीने ते स्वीकारतो. पण वाटणी हा घरातला प्रश्न, बँक त्यात पडत नाही.

आता ठेवीचा अर्ज. मुलाने वारस लिहिले तीन : आई, तो आणि बहीण. आमच्या साहेबांनी रेशनकार्डाची झेरॉक्स उलटली तर शेवटच्या ओळीत आजीचं नाव, वय 84. "या कोण?" "वडिलांच्या आई. पण त्यांचा काय संबंध?" संबंध असा, की हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस असते. हिस्से चार आणि ठेवीतले प्रत्येकी 2,37,500 रुपये. सगळ्यात जास्त वेळा सुटणारं नाव हेच, त्याखालोखाल लग्न झालेल्या मुलीचं.

यात आणखी एक मेख आहे. वारस मोजायचे ते मृत्यूच्या दिवशी हयात असलेले, अर्जाच्या दिवशीचे नव्हेत. आजी मुलामागोमाग दोन महिन्यांनी गेल्या असत्या, तरी त्यांचा हिस्सा संपला नसता. तो त्यांच्या वारसांकडे, म्हणजे मयताच्या बहिणींकडेही गेला असता. मग आत्यांच्याही सह्या आल्या. अर्ज वर्षभर रखडवणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

चौथी सही मिळाल्यावरही हे लोक वकिलाकडे धावले, कारण कुणीतरी "सक्सेशन सर्टिफिकेट आणा" असं सांगितलं होतं. इथे थांबून रक्कम बघायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत निर्देश काढले आणि ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायला सांगितले. त्यानुसार नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही आणि वाद नाही, अशा प्रकरणात व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. दावा अर्ज, मृत्यूदाखला, ओळखपत्रं, दावेदारांचं हमीपत्र, दावा न करणाऱ्या वारसांचं ना-हरकतपत्र, आणि वारस दाखला किंवा कुटुंबाशी नातं नसलेल्या, पण त्यांना चांगलं ओळखणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापन. व्यापारी बँकेतल्या या साडेनऊ लाखांना कोर्टाची पायरी चढायची गरजच नव्हती.

ना-हरकतपत्राची भाषा मात्र नीट वाचा. "ही रक्कम माझ्या आईला द्यायला माझी हरकत नाही" आणि "मी माझा हक्क कायमचा सोडत आहे" या दोन वाक्यांत घराची भांडणं दडलेली असतात. बँकेचं काम पहिल्या वाक्यानेही भागत असेल, तर दुसऱ्यावर सही करण्याआधी विचार करा. परदेशातल्या मुलीला स्वतः यायची गरज नसते, तिची सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवता येते. तेव्हा हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

अर्जाचा मजकूर साधारण असा :

"माझे पती दि. ____ रोजी मयत झाले. त्यांच्या नावे आपल्या शाखेत मुदत ठेव पावती क्र. ____ असून तिला नामनिर्देशन नाही. मयताने मृत्युपत्र केलेले नाही. मृत्यूच्या दिवशी त्यांच्या पश्चात पत्नी, आई, एक मुलगा व एक मुलगी असे चार वारस हयात होते, अन्य कोणी नाही. रक्कम माझ्या खाते क्र. ____ मध्ये जमा करावी. इतर तिघांची ना-हरकतपत्रे सोबत आहेत. कागद अपुरे असल्यास त्रुटी लेखी कळवाव्यात."

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा 4 टक्के जास्त दराने व्याज द्यायचं असतं. तोंडी सांगितलेल्या त्रुटीने ही मुदत कधी सुरू झाली हेच ठरत नाही. म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पावतीवर "बाळासाहेब" आणि मृत्यूदाखल्यावर "बाळकृष्ण" असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा.

आता लॉकर. इथली चूक जाणकारांकडूनही होते. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखालचं प्रमाणपत्र, येणी आणि रोख्यांपुरतं असतं. बँकेतली ठेव हे बँकेकडून येणं आहे, म्हणून ते तिथे चालतं. लॉकरमधले दागिने ही वस्तू आहे, येणं नाही. लॉकर क्रमांक अर्जात घालून प्रमाणपत्र मागणाऱ्यांना कोर्टातून अर्धंच काम करून परतावं लागतं. वाद असेल आणि कोर्टात जायचंच असेल, तर महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला किंवा प्रशासनपत्र याबद्दल वकिलाला आधी विचारा. वाद नसेल, तर लॉकरलाही वारसांच्या सह्यांची बँकेची पद्धत असते. वेगळा अर्ज करा आणि लॉकर उघडून आतल्या वस्तूंची यादी करण्यासाठी तारीख मागा. कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत बँकेने दावेदाराशी संपर्क साधून ती ठरवायची असते, नाहीतर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.

तोपर्यंत किल्ली हातात आहे म्हणून लॉकर उघडायला जाऊ नका. मयताने दिलेलं अधिकारपत्र त्याच्याबरोबरच संपतं, आणि लॉकरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक भेटीची तारीख व वेळ लिहिलेली असते. मृत्यूनंतरची एक नोंद दिसली की बाकीचे वारस "काय काढलंस?" असं विचारणारच. एटीएम कार्डाचंही तेच.

कराडच्या घराचा लॉकर ठरल्या दिवशी उघडला तेव्हा आई, मुलगा, आजी, बँकेचे अधिकारी आणि दोन साक्षीदार असे सगळे त्या चिंचोळ्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. यादीत आम्ही लिहिलं "पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग 2". मुलगा म्हणाला, अहो, सोन्याच्या आहेत. असतील, पण बँक ना वजन करते ना कस लावते, म्हणून शब्द असेच येतात; त्यावर हरकत घेऊन यादी अडवू नका. आजींनी मात्र पाटल्या हातात घेतल्या, आत कोरलेलं नाव बघितलं आणि "माझ्याच आहेत या" म्हणाल्या. यादीत तो तपशीलही टाकून घेतला.