इंदूरच्या उन्हाळ्यासाठी सुगंध कसा निवडावा: अत्तर, रोल-ऑन की स्प्रे?

मे महिन्यात सुदामानगरहून राजवाड्यापर्यंत स्कूटरवर जायचं, तर घरून मारलेला स्प्रे बहुतेक वाटेतच उडून जातो. मग कोणीतरी सांगतं, "अत्तर लाव, दिवसभर टिकतं." दुसरं कोणी म्हणतं, "अल्कोहोल नसलेला रोल-ऑन घे, त्वचेला काही होत नाही." पहिला सल्ला अर्धवट आहे आणि दुसरा चुकीचा. तिन्ही प्रकार आपल्याच हातावर कसे पारखायचे ते सांगते. गेली कित्येक वर्षं मी दर उन्हाळ्यात हे करत आले आहे.

आधी काय विकत घेताय ते ओळखा. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलं किंवा मुळं तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळतात. त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते, त्याला अत्तर म्हणतात. चंदनाचं तेल महाग असल्यामुळे स्वस्तातल्या कुपीत बहुधा लिक्विड पॅराफिन किंवा तसलंच दुसरं काही असतं. रोल-ऑनमध्ये तयार सुगंधी अर्क एखाद्या सौम्य तेलात मिसळलेला असतो. स्प्रेमध्ये बहुतेक भाग अल्कोहोल असतं आणि अर्क त्या मानाने थोडा.

टिकण्यातला फरक इथूनच येतो. अल्कोहोल काही क्षणांत उडतं आणि सोबत लिंबू-संत्र्यासारखे हलके वास घेऊन जातं. आपल्याकडच्या कोरड्या गरम हवेत हे आणखी लवकर होतं. तेल तसं उडत नाही, सुगंध धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं.

तुलनेसाठी तिन्हींचा थोडा थोडा नमुना आणा. राजवाड्याच्या आसपास अत्तरवाल्याकडे मागितलं तर तो कापसाचा फाया देतो, तेवढा पुरतो. तीन स्वच्छ सुती रुमालांवर एकेकाचा अंश लावा, नावं लिहा आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. दर दोन तासांनी वास घ्या, पण फक्त स्वतःच्या नाकावर विसंबू नका. आपलं नाक सरावतं आणि वास असूनही गेला असं वाटतं. बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगा. आमच्याकडे हे काम दुपारी येणाऱ्या आत्या करतात आणि चटकन सांगतात, "खस आहे गं अजून, तो लिंबाचा मात्र संपला."

आता खरी अवघड पायरी: त्वचेची चाचणी. मी इथेच फसले होते.

मोगऱ्याचा एक रोल-ऑन आणला होता. त्यावर अल्कोहोल-मुक्त असं ठळक छापलेलं. रात्री मनगटावर लावला, सकाळी काही झालं नाही, म्हणून निर्धास्तपणे रोज मानेला लावू लागले. तिसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली, चौथ्या दिवशी बारीक पुरळ आला आणि तो लावलेल्या जागेच्या बाहेर गळ्याकडे पसरला. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की ही अ‍ॅलर्जी अर्काची आहे, अल्कोहोल असो वा नसो. पुरतं निवळायला तीन आठवडे लागले.

एका रात्रीची चाचणी फसवते, कारण त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक जळजळीचा: दाढी केल्यावर किंवा घामोळं असताना स्प्रे मारला की लगेच चरचरतं आणि बऱ्याचदा तासाभरात निवळतं. दुसरा अ‍ॅलर्जीचा: तो बहुधा एक-दोन दिवसांनी उगवतो, आणि कधी कधी आठवडाभर वापरल्यावरच. अल्कोहोल पहिल्या प्रकाराला कारण होतं. दुसऱ्याला मात्र बहुतेक वेळा सुगंधी अर्कातला एखादा घटक कारण होतो. तो अत्तरात असतो, रोल-ऑनमध्ये असतो, स्प्रेमध्येही असतो. उलट अत्तर आणि रोल-ऑन घट्ट असतात आणि एकाच जागी तासन्‌तास बसतात, त्यामुळे त्यांच्याबाबत जास्त जपायला हवं. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा समज सोडून द्या. मोगऱ्या-गुलाबातही अ‍ॅलर्जी आणणारे घटक असतात.

म्हणून चाचणी अशी करा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून चार बोटं खाली, रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. कोपराच्या खोबणीत लावू नका. घामाने तिथे सगळं ओघळतं, आणि पुढे लाल झालं तर दोष घामाचा की अत्तराचा ते कळत नाही. त्याच जागी सकाळ-संध्याकाळ, सात दिवस लावा. एका वेळी प्रत्येक हाताला एकच प्रकार, म्हणजे दोन्ही मिळून दोन; तिसरा पुढच्या आठवड्यात. एकाच हातावर तीन टिकल्या लावण्याची घाई मीही केली होती. घामाने सगळ्या एकमेकींत मिसळल्या आणि आठवडा फुकट गेला.

खाज, लाली किंवा पुरळ दिसला तर त्याच दिवशी थांबा, साध्या साबणाने धुवा आणि ती कुपी पुन्हा त्वचेला लावू नका. फोड आले, सूज आली किंवा पुरळ पसरला, तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांकडे जा. आधीपासून एक्झिमा असेल तर ही चाचणी स्वतः करू नका.

या चाचणीची एक मर्यादा आहे, तीही सांगते. बर्गमॉट, लिंबू यांच्या काही तेलांत असे घटक असतात की ती लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि तपकिरी डाग उमटतात. कधी थेंब ओघळला त्याच आकाराचे. सावलीतल्या हातावर हे कळतच नाही, आणि मुद्दाम उन्हात हात धरून बघायचंही नाही. चांगल्या स्प्रेमध्ये हे घटक काढलेले असतात, पण खुल्या तेलाचं किंवा अनोळखी रोल-ऑनचं काही सांगता येत नाही. म्हणून लिंबूवर्गी वास ऊन लागेल त्या त्वचेवर लावायचाच नाही.

गेल्या मे महिन्यातली तुलना सांगते. खशीचं, म्हणजे वाळ्याचं अत्तर, मोगऱ्याचा नवा रोल-ऑन आणि लिंबाचा स्प्रे, तिन्ही सकाळी नऊला. स्प्रे झाकल्या हातावर अकरापर्यंत मुश्किलीने होता, पण रुमालावर दुपारचं जेवण होईतो जाणवत होता. रोल-ऑन तीनपर्यंत टिकला, पण उकाड्यात त्याचा गोडवा डोक्यात चढला. खस संध्याकाळी आत्यांना दारातूनच ओळखू आली, तीही शांत आणि थंड.

तेव्हापासून मी उन्हाळ्यात खस किंवा मातीचं अत्तर वापरते. हिना आणि शमामा थंडीसाठी ठेवते, कारण ते गरम मसाल्याच्या वळणाचे वास आहेत, लू चालू असताना जड होतात. अत्तराचा फाया कानाच्या पाळीत न ठेवता ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या आतल्या शिवणीत ठेवते. पांढऱ्या कपड्यावर थेंब थेट टाकू नका, तेलकट डाग सहज जात नाही. स्प्रे कपड्यावर हातभर अंतरावरून मारा, मोत्याच्या माळा घालण्याआधी. आणि बाटली उभ्या गाडीत ठेवू नका: उन्हाने वास बिघडतो, शिवाय अल्कोहोल पेट घेणारं असतं.