मोदकाच्या लाइव्ह वर्गाआधी

गणपतीच्या आठवड्यात वर्ग ठेवायचाच नाही. तेव्हा मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं. चतुर्थीच्या दोन आठवडे आधीचा रविवार धरायचा.

पहिल्यांदा जागा ठरवायच्या, दर नंतर. उकडीच्या मोदकाचे व्हिडिओ चॅनलवर फुकट आहेतच. पैसे देणाऱ्याला हवं असतं ते आपली पारी का फाटते हे बघून सांगणारं माणूस. दोन तासांतली 50 मिनिटं दाखवण्यात जातात, उरतात 70. वीस जणांत वाटली तर प्रत्येकाला साडेतीन मिनिटं. त्यापलीकडे एकही जागा नाही, मावशीच्या नणंदेलाही नाही.

आता दर. खरेदी, रंगीत तालीम, वर्ग आणि मेसेजना उत्तरं मिळून माझे आठ तास जातात. तासाला 500 धरले तर 4,000. सामान, मदतनीस आणि झूमचं भाडं मिळून 2,500. (झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटांत मीटिंग बंद पडते, तोवर उकडही मळून होत नाही.) दर 499 ठेवला तर ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापतो, हातात साधारण 487 येतात. म्हणजे 6,500 भरून निघायला 14 जणी हव्यात. गुरुवारी रात्रीपर्यंत 14 झाल्या नाहीत तर वर्ग रद्द, हे बुकिंगच्या पानावरच लिहायचं.

परताव्याचे नियमही तिथेच, पैसे भरायच्या बटणाच्या वर. तीन दिवस आधीपर्यंत कळवलं तर गेटवेचे 12 रुपये वजा करून परत. गेटवे ते आपल्याला परत देत नाही, म्हणून. त्यानंतर पैसे नाहीत, पण जागा मैत्रिणीला देता येईल. वर्ग मी रद्द केला तर पूर्ण 499 परत, कापलेले पैसे माझ्या खिशातून. परतावा नेहमी गेटवेतल्या मूळ व्यवहारावरूनच करायचा. ‘हा स्क्रीनशॉट बघा, पैसे दुसऱ्या नंबरवर टाका’ म्हणणाऱ्यांचं नाव आधी यादीत शोधायचं. गेल्या वर्षी अशी एक निघाली, तिने पैसे भरलेच नव्हते.

राहिला पाऊस. वीज गेली की काही वेळाने टॉवरही मान टाकतो, मग घरचा इन्व्हर्टर काय कामाचा? दोन कंपन्यांची सिम ठेवायची आणि पुण्याच्या भाचीला को-होस्ट करायचं. माझं नेट गेलं तर मीटिंग तिच्याकडे जाते, ती प्रश्न लिहून घेत बसते. खंड 15 मिनिटांवर गेला तर दुसरी तारीख. ती ज्यांना जमणार नाही त्यांना पूर्ण पैसे.

सामानाची यादी पाच दिवस आधी पाठवायची, पिठासकट. जुन्या पिठाची उकड कॅमेऱ्यातून सुधारता येत नाही.