फोटोतल्या फ्लोअर प्लॅनवरून खोल्यांची मापं उतरवण्याआधी

बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या किंवा मंजूर नकाशाच्या फोटोवरून खोल्यांची यादी करायला बसताना सगळ्यांचं लक्ष आकडे नीट वाचण्याकडे असतं. आकडे तर वाचाच, पण त्याआधी हे डोक्यात पक्कं करा: कोणतं माप कोणत्या भिंतीचं. बेडरूम १०'०" × ११'०" एवढंच लिहिलेली यादी अर्धवट आहे. नकाशा समोर असेपर्यंत तिची अडचण होत नाही. ती यादी सुताराकडे एकटी गेली की मग होते. मागच्या वेळी माझ्या यादीत हेच राहिलं होतं आणि कपाट दुसऱ्याच भिंतीच्या मापाने कापून आलं.

फोटोपासून सुरुवात करा. कागद सपाट ठेवा, फोन त्याला समांतर धरा, फ्लॅश बंद. गुळगुळीत कागदावर उजेड चमकतो आणि नेमका एखादा आकडा पांढरा पडतो, म्हणून खिडकीजवळ पण तिरप्या उजेडात काढा. आधी पूर्ण पान, चारही कोपऱ्यांसकट. मग प्रत्येक भागाचा जवळून एकेक फोटो, कडा एकमेकांवर येतील असा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला की बारीक अक्षरं फुटतात, मग ६ आहे की ८ यावर वाद घालत बसावं लागतं.

पूर्ण पान हवं याचं कारण कोपऱ्यात असतं. मापं फुटांत, मीटरमध्ये की मिलिमीटरमध्ये, विटांच्या भिंतीपर्यंतची की प्लास्टर झाल्यावरची, उत्तर दिशा कुठे, हे सगळं तिथे छापलेलं असतं आणि लोक नेमकं तेच कापून फोटो काढतात. प्लास्टरचा थर साधारण १२ मिमी. समोरासमोरच्या दोन भिंती धरल्या तर जवळजवळ एक इंच जातो. भिंतीला भिडवून बसवायच्या फर्निचरला तो इंच भारी पडतो. १:१०० असं प्रमाण छापलेलं दिसलं तर ते फोटोवर लावू नका. स्क्रीनवर पट्टी ठेवून मापं काढणं साफ बंद.

फ्लॅट नंबर आणि विंग तपासा. एका मजल्यावर चार फ्लॅट असतील तर त्यातले दोन बहुतेक वेळा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. खोल्या त्याच, मापं तीच, फक्त डावं-उजवं उलट. म्हणूनच यादीत ‘डावी भिंत’, ‘उजवी भिंत’ असं कधीही लिहू नका. ‘खिडकीची भिंत’, ‘दाराची भिंत’, ‘किचनला लागून असलेली भिंत’ असं लिहा. फोटो फिरला, फ्लॅट उलटा निघाला, तरी खिडकी जागा सोडत नाही.

आता हा मुद्दा नीट घ्या. बरेच ड्राफ्ट्समन आडवं माप आधी आणि उभं नंतर लिहितात, पण सगळे नाही, आणि एकाच नकाशातही ते सांभाळलं जात नाही. त्यात फोटो ९० अंशांत फिरलेला असला की आडवं कुठलं हेच उरत नाही. आधी खोल्यांची नावं सरळ वाचता येतील असा फोटो फिरवून घ्या. मग खोलीचा आकार आणि आकडे जुळतात का पाहा. १० आणि १६ फुटांचा हॉल असेल तर डोळ्याला लगेच कळतं. पण १० आणि ११ फुटांची खोली जरा तिरप्या फोटोत चौकोनीच दिसते, तिथे डोळ्यावर विश्वास नको.

अशा वेळी बाहेरच्या एकूण मापाचा आधार घ्या. समजा दोन बेडरूम शेजारी-शेजारी आहेत आणि दोघींच्या खिडक्या एकाच बाजूला. मास्टरच्या खिडकीची भिंत १०'०" हे स्पष्ट आहे. दुसरीवर १०'०" × ११'०" छापलंय. बाहेरच्या भिंती सहा-सहा इंचांच्या, मधली पाच इंचांची, म्हणजे भिंतींचे मिळून १७ इंच. दुसरीचीही खिडकीची भिंत १०'०" असेल तर एकूण २१'५" यायला हवं, आणि ११'०" असेल तर २२'५". नकाशाच्या कडेला २२'५" छापलं असेल तर प्रश्न मिटला: खिडकीची भिंत ११'०". म्हणजे या खोलीत दुसरा आकडा खिडकीचा आहे. यादीत लिहा: ‘बेडरूम २, खिडकीची भिंत ११'०", तिला काटकोनातली १०'०"’. नुसता गुणाकार लिहू नका. पुसट आकडाही याच बेरजेने सोडवता येतो.

यादीत फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवा. १०'६" म्हणजे १०.६ नव्हे, १०.५. त्याहून वाईट म्हणजे १०'१०" ला कुणी १०.१० टाइप करतं, शीट त्याचं १०.१ करते आणि वाचणारा १० फूट १ इंच समजतो. नऊ इंच गेले. फूट B मध्ये, इंच C मध्ये, आणि गुणाकारासाठी:

```
=B2+C2/12
```

नावं नकाशावर आहेत तशीच उतरवा, पुढे हवं तर आपलं नाव. दोन टॉयलेट असतील तर कुठल्या खोलीचं कुठलं ते लिहा. आणि पॅसेज विसरू नका, त्याच्यावर बहुतेक वेळा नाव नसतं.

पॅसेज राहिला हे क्षेत्रफळाच्या बेरजेत दिसतं. हॉल १६५, किचन ७६.५, बेडरूम १२५ आणि ११०, टॉयलेट ३० आणि २८, एकूण ५३४.५ चौरस फूट. कागदावर रेरा कार्पेट ५३.४० चौरस मीटर. १०.७६४ ने गुणा, सुमारे ५७५ येतात. चाळीसेक फूट कमी पडतायत. पॅसेज ३'६" × ६'०" म्हणजे २१. उरलेले १९ हे आतल्या भिंतींचे, कारण रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. पाच इंची भिंत सुमारे ४६ फूट लांब असेल तर तेवढं क्षेत्र होतं, आणि दोन बेडरूमच्या घरात ते पटण्यासारखं आहे. फरक याहून खूप मोठा असेल तर एखादी जागा सुटलीय किंवा आकडा चुकलाय. मात्र मापांची अदलाबदल या बेरजेत कधीच सापडणार नाही. १० गुणिले ११ काय आणि ११ गुणिले १० काय, उत्तर ११०च. म्हणून बेरीज जुळली तरी कोणतं माप कोणत्या भिंतीचं हे प्रत्येक ओळीत आहे का ते पुन्हा बघा.

कोपऱ्यात कॉलम आत आलेला दिसला तर शेरा. बाल्कनी, ड्राय बाल्कनी वेगळ्या गटात. वाचता न आलेल्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह, अंदाजाने भरू नका. मूळ फोटो यादीसोबतच ठेवा. ताबा मिळाला की टेपने मोजा, खिडकीची भिंत आधी.