पगार थांबला तर: क्रिटिकल इलनेस विमा किती आणि कसा घ्यावा

मेडिक्लेममधून रुग्णालयाचा खर्च निघतो, पण थांबलेला पगार मिळत नाही. वैयक्तिक अपघात विम्यात साप्ताहिक भरपाईची सोय असली, तरी ती अपघातापुरतीच असते. आजारासाठी क्रिटिकल इलनेस पॉलिसी घ्यावी लागते. यादीतील आजार तिच्या व्याख्येत बसला की ठरलेली रक्कम एकरकमी मिळते.

प्रथम रक्कम ठरवावी. समजा, भांडुपच्या एका कुटुंबाला घराच्या हप्त्यासह महिना 50,000 रुपये लागतात. कमावत्या व्यक्तीला पक्षाघात झाला आणि 24 महिने काम जमले नाही, तर 2 महिन्यांची भरपगारी रजा वजा जाता 22 महिन्यांचे 11 लाख होतात. पत्नी शिकवण्यांतून महिना 10,000 मिळवते, म्हणजे 2 लाख 20 हजार कमी करावे. फिजिओथेरपी आणि घरी ठेवलेला मदतनीस यांसाठी वर्षभर महिना 12,000 धरून 1 लाख 44 हजार मिळवावे. बेरीज 10 लाख 24 हजार येते. महागाईचा विचार करता 12 लाखांचे कवच योग्य ठरेल. दरमहा 21,000 पर्यंत वेतन असलेल्यांनी मात्र आधी ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेतील विस्तारित आजारपण लाभाच्या अटी पाहाव्यात, कारण काही दीर्घ आजारांत तिथूनही वेतनाचा मोठा भाग मिळतो.

त्यानंतर व्याख्या वाचाव्यात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. प्रमाणित व्याख्येनुसार पक्षाघाताने आलेला कायमचा मज्जासंस्थीय दोष किमान 3 महिने टिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. काही तासांत ओसरणारा झटका, म्हणजे टीआयए, वगळलेला असतो. कर्करोगाची अगदी प्राथमिक, जागेवरच असलेली अवस्थाही मूळ व्याख्येत बसत नाही. पॉलिसी घेतल्यापासून साधारण 90 दिवसांत लक्षणे दिसली, तर दावा नाकारला जातो. निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, बहुधा 30, हयात असावा अशीही अट असते. ती जितकी कमी दिवसांची, तितकी चांगली.

याचा अर्थ, वरील उदाहरणात रजा दुसऱ्या महिन्यात संपते आणि दावा मात्र तिसऱ्या महिन्यानंतरच उभा राहतो. कागदपत्रांची छाननी धरून निदान 3 महिन्यांचा खर्च, म्हणजे दीड लाख रुपये, लगेच मोडता येणाऱ्या ठेवीत वेगळे ठेवावेत, नाहीतर घराचा हप्ता चुकू लागतो.

टर्म विम्याला जोडलेला रायडर, म्हणजे त्याच पॉलिसीतले क्रिटिकल इलनेसचे जोडकवच, स्वस्त पडतो, परंतु तो ‘अॅक्सिलरेटेड’ प्रकारचा असेल, तर आजारात दिलेली रक्कम मृत्यूनंतरच्या रकमेतून वजा होते, ही गोष्ट घरात लहान मुले असताना दुर्लक्षून चालणार नाही. कंपनीच्या गटविम्यावर विसंबू नये. दीर्घ आजारात नोकरी गेली की तोही जातो.

अर्जात रक्तदाब, मधुमेह आणि सुरू असलेल्या गोळ्या लिहाव्यात. एमआरआयचा अहवाल आणि दोष 3 महिन्यांनंतरही कायम असल्याचे न्यूरॉलॉजिस्टचे तारखेसह प्रमाणपत्र पक्षाघाताच्या दाव्यात निर्णायक ठरतात. म्हणून पॉलिसीची प्रत जोडीदाराच्या हाती आधीच द्यावी आणि हे दोन कागद मागून घेण्यास सांगून ठेवावे.