दुसरी बेसन मिल हाताशी आहे? तरी या चुका टाळा

इंदुरात शेव-नमकीनच्या कारखान्यात गेलात आणि विचारलंत, "बेसनवाल्यानं उद्या हात वर केले तर?", तर मालक लगेच फोन काढून दाखवतो. दुसऱ्या मिलचा नंबर सेव्ह केलेला असतो. पण तिथून शेवटचा माल कधी आला, हे विचारलं की गाडी अडते. कधीतरी दोन किलोचं सँपल आलं होतं, चांगलं होतं, एवढंच आठवतं.

सँपल चांगलंच असतं. मिलवाला ते निवडून पाठवतो. म्हणून पारख विकत घेतलेल्या पोत्यावर करा. त्यातलं दहा किलो बेसन घ्या. कारागीर, मसाला, साचा आणि कढई नेहमीचीच ठेवा. भिजवताना पाणी किती लागलं ते मोजून लिहा आणि तळून निथळलेल्या शेवेचं वजन करा. दळण बदललं की पाणी बदलतं. भिजवलेल्या पिठात पाणी जास्त असेल तर तळताना ते उडून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. समजा नेहमीच्या बेसनाची शेव साडेतेरा किलो भरते आणि नव्याची चौदाच्या वर गेली. वजन वाढलं म्हणून खूश होऊ नका. तेलकट शेव मऊ पडते, पाकिटाला डाग पडतात आणि खवटपणाची तक्रार दुकानातून लवकर येते. त्यावर उपाय असतो, पाणी कमी करायचं, साचा बदलून बघायचा. पण हे शिकायला कारागिराला काही घाणे लागतात. दिवाळीच्या तोंडावर तेवढा वेळ नसतो. एखादं पोतं लॅबकडेही पाठवा, कारण वाटाण्याची भेसळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

दोन मिल, पण चणा एकाच मंडीतला

ही चूक सगळ्यात जास्त होते. दोन्ही मिल इंदुरातल्याच पालदा भागातल्या, दोघंही तिथल्याच छावणी मंडीतून चणा उचलणार. मंडी बंद पडली, आवक आटली, की दोघांचे फोन एकाच सकाळी येतात. बिलावर नावं दोन असली तरी पुरवठा एकच. म्हणून दुसऱ्या मिलला भावाच्या आधी एक गोष्ट विचारा: "चणा कुठून घेता, आणि साठा किती दिवसांचा?" अकोल्याकडची मिल असेल तर भाड्यामुळे थोडी महाग पडेल, पण तिची आवक वेगळी असते. त्या वेगळेपणाचे किलोमागे दोन रुपये जास्त द्यायला माझी हरकत नसते.

किती टक्के कोणाकडे?

निम्मं-निम्मं वाटून मोकळं होणं लहान कारखान्याला परवडत नाही. थोडं थोडं सगळीकडून घेणारा कोणाचाच खास गिऱ्हाईक राहत नाही आणि टंचाईत मिलवाला आधी नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. मी सत्तर-तीसच्या आसपास सुरुवात करतो आणि मग हिशेब मांडतो.

समजा रोज हजार किलो बेसन लागतं. सातशे पहिल्या मिलचं, तीनशे दुसऱ्याचं. पहिली मिल थांबली तर दुसरी ताण देऊन रोज सहाशे देऊ शकते. हा आकडा आजच विचारून ठेवा. मग रोज चारशेची तूट. पहिली मिल सावरायला किंवा तिसरी तयार व्हायला दहा दिवस धरले, तर चार हजार किलो, म्हणजे पन्नास किलोची ऐंशी पोती गोदामात हवीत. सगळं एकाच मिलकडून घेत असाल तर तोच हिशेब दोनशे पोत्यांवर जातो, आणि पावसाळ्यात दोनशे पोती बेसन ठेवायचं म्हणजे गुठळ्या आणि कीड. ऐंशी पोती मात्र जुनं आधी, नवं नंतर या क्रमानं फिरवता येतात. या सोयीची किंमत तीनशे किलोवर दोन रुपयांनी रोजचे सहाशे रुपये.

या हिशेबात उधारी राहून जाते. जुना मिलवाला महिन्याची उधारी देतो, नवा रोख मागतो. ऐंशी रुपये भाव धरला तर सहाशे किलोचे रोज अठ्ठेचाळीस हजार, दहा दिवसांत चार लाख ऐंशी हजार. ही रक्कम बँकेच्या मर्यादेत मोकळी नसेल तर माल मिळूनही उचलता येणार नाही.

हाच नियम सगळ्या कच्च्या मालाला लावू नका. छापील पाकिटाच्या फिल्मचं उलट आहे. पाकिटाचं डिझाइन कोरलेले ग्रॅव्ह्युअर छपाईचे सिलिंडर सहसा छापणाऱ्याकडेच पडून असतात, त्यामुळे तो अडला की दुसरा छापणारा हाताशी असून उपयोग नाही. नवे सिलिंडर खोदायला पैसा आणि वेळ दोन्ही जातात. पण फिल्मला कीड लागत नाही. तिथे छापणारा एकच ठेवा, सिलिंडर आपल्या मालकीचे आहेत आणि मागितल्यावर मिळतील हे ऑर्डरवर लिहून घ्या, आणि नवी खेप यायला लागतात त्याहून जास्त दिवस पुरतील एवढे रोल रॅकवर ठेवा.